लाट कुठे कापली जाते, कुठे उचलली जाते

इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला क्लिपर आणि क्लॅम्पर शिकवले जातात तेव्हा बहुतेक मुलं आकृत्या पाठ करतात. पुस्तकात आठ-दहा सर्किटं शेजारी शेजारी छापलेली असतात आणि प्रत्येकासमोर त्याची आउटपुटची लाट. डायोड असा, बॅटरी अशी, तर लाट तशी. परीक्षकाने डायोड उलटा करून बॅटरी मात्र जागेवर ठेवली की पाठांतर संपतं. खरं तर यातली एकही आकृती पाठ करावी लागत नाही. डायोड कोणत्या क्षणी वीज वाहू देतो, हे एक शोधून काढलं की बाकीची लाट आपोआप कागदावर उतरते.

डायोडला दोन टोकं असतात, अ‍ॅनोड आणि कॅथोड. लॅमिंग्टन रोडवर किंवा बुधवार पेठेत मिळणाऱ्या काळ्या 1N4007 वर जो चंदेरी पट्टा असतो, ते कॅथोडचं टोक. अ‍ॅनोडचा व्होल्टेज कॅथोडपेक्षा सुमारे ०.७ व्होल्टने जास्त झाला की सिलिकॉनचा डायोड वीज वाहू देतो. तो ‘चालू’ झाला असं आपण म्हणू. त्याहून कमी असेल तर तो ‘बंद’, म्हणजे तिथली तार कापून टाकल्यासारखाच. चालू असताना त्याच्या दोन टोकांमधला फरक ०.७ च्या आसपास अडकून राहतो. पुढचं सगळं गणित एवढ्यावर चालतं.

आधी क्लिपर घेऊ. फंक्शन जनरेटरमधून १० व्होल्ट पीकची, ५० हर्ट्झची साईन वेव्ह येते आहे, म्हणजे ती +१० आणि −१० च्या दरम्यान झुलते. ती १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एका बिंदूपर्यंत आणली. हा बिंदू आपलं आउटपुट. त्या बिंदूला डायोडचा अ‍ॅनोड जोडला, कॅथोड ३ व्होल्टच्या बॅटरीच्या अधिक टोकाला आणि बॅटरीचं उणे टोक ग्राउंडला.

पहिली पायरी: मनातल्या मनात डायोड उपटून बाजूला ठेवा. आता रेझिस्टरमधून जायला विजेला वाटच नाही. प्रवाह नाही म्हणजे रेझिस्टरवर व्होल्टेज पडत नाही, म्हणून आउटपुटला इनपुट जसंच्या तसं दिसतं.

दुसरी पायरी: डायोड जिथे होता त्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांना काय आहे ते बघा. वरच्या टोकाला इनपुटचा बदलता व्होल्टेज आहे, खालच्या टोकाला बॅटरीचे स्थिर ३ व्होल्ट. अ‍ॅनोड वर आहे. तेव्हा वरचं टोक ३ + ०.७, म्हणजे ३.७ व्होल्ट ओलांडेल तेव्हाच डायोड चालू होईल. या सर्किटात शोधण्याजोगा आकडा हा एकच.

तिसरी पायरी पेन्सिलीची. इनपुटची साईन वेव्ह काढा आणि तिच्यावर ३.७ ला एक आडवी रेघ मारा. रेघेच्या खाली डायोड बंद, म्हणून इनपुट तेच आउटपुट. रेघेच्या वर डायोड चालू, म्हणून आउटपुट ३.७ वर थांबलेलं. वरचा डोंगर खोडून टाका. उरली ती आउटपुटची लाट: माथा सपाट, खालचा अर्धा भाग −१० पर्यंत अखंड.

वेळाही काढता येतात. ५० हर्ट्झला एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. साईन वेव्ह १० च्या ०.३७ पटीला पोचते ती २१.७ अंशांवर, म्हणजे सुरुवातीपासून १.२ मिलिसेकंदांनी. उतरताना तीच पातळी ८.८ मिलिसेकंदांना लागते. मधले साडेसात मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ माथा सपाट. सीआरओच्या पडद्यावर हे अंतर चौकटी मोजून ताडून पाहता येतं, आणि जुळलं की फार बरं वाटतं.

चौथी पायरी बरेच जण गाळतात, पण ती गाळू नये. वरचा कापलेला भाग गेला कुठे? तो रेझिस्टरवर पडला. इनपुट १० असताना रेझिस्टरच्या एका टोकाला १० आणि दुसऱ्याला ३.७, म्हणून ६.३ व्होल्ट १ किलोओहमवर, म्हणजे ६.३ मिलिअँपिअर. एवढा प्रवाह डायोडला सहज झेपतो. रेझिस्टर काढून टाकला तर हा प्रवाह अडवणारं जवळपास काहीच उरत नाही, आणि डायोड किंवा जनरेटर यांपैकी एकाला ते भोवतं.

आता परीक्षकाची खोड. बॅटरी तशीच ठेवली, फक्त डायोड उलटा केला. ‘आधी वरचा भाग कापला जात होता, आता खालचा कापला जाईल, −३.७ वर,’ असं उत्तर हमखास येतं. पायऱ्यांनी जाऊन बघा. डायोड उपटला. वरच्या टोकाला इनपुट, खालच्या टोकाला ३ व्होल्ट. पण आता अ‍ॅनोड खाली आहे. तो वरच्या टोकापेक्षा ०.७ ने जास्त असेल तेव्हा डायोड चालू होईल, म्हणजे वरचं टोक २.३ च्या खाली गेल्यावर. इनपुट २.३ पेक्षा कमी असलेला सगळा काळ आउटपुट +२.३ वर खिळलेलं. इनपुट शून्य असताना २.३, −१० असतानाही २.३. फक्त वरचा डोंगर तेवढा २.३ पासून १० पर्यंत डोकं काढतो. लाट कधीही शून्याला शिवतच नाही. −३.७ वर कापायचं असेल तर डायोडबरोबर बॅटरीही उलटी करावी लागते.

कागदावरचं हे उत्तर प्रयोगशाळेत कधी कधी खोटं ठरतं, आणि त्यात डायोडचा दोष नसतो. पहिल्या सर्किटात ३ व्होल्टची बॅटरी न वापरता टेबलावरचा पॉवर सप्लाय जोडला, तर माथा ३.७ ला सपाट होण्याऐवजी त्याहून वर फुगलेला दिसतो. कारण प्रवाहाच्या दिशेत आहे. तो ६.३ मिलिअँपिअर प्रवाह डायोडमधून बॅटरीच्या अधिक टोकात शिरतो. बॅटरी तो घेते. साधा पॉवर सप्लाय मात्र वीज बाहेर द्यायला बनवलेला असतो, आत घ्यायला नव्हे. गच्चीवरच्या टाकीला ओव्हरफ्लोचा पाइप लावला आणि त्याचं दुसरं टोक बूच मारून बंद केलं, तसा हा प्रकार. पाणी पाइपाच्या तोंडाशी थांबत नाही, वर चढतच जातं. उपाय सोपा आहे. सप्लायच्या दोन टोकांमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर जोडावा. त्यातून ३ व्होल्टला सतत ९ मिलिअँपिअर वाहतात. डायोडकडून आलेले ६.३ त्यातच सामावतात आणि सप्लायला तेवढा प्रवाह कमी द्यावा लागतो, इतकंच. उलट्या डायोडच्या सर्किटात ही अडचण येत नाही, कारण तिथे प्रवाह सप्लायमधून बाहेर पडतो.

माथा अगदी पट्टीने आखल्यासारखा सपाटही नसतो. ०.७ ही काही भिंत नव्हे. प्रवाह दहापट झाला की डायोडवरचा व्होल्टेज साधारण ०.१ ने वाढतो, म्हणून माथा मध्यभागी किंचित फुगीर दिसतो. इनपुट १० व्होल्टचं असताना ते कुणाच्या लक्षात येत नाही. इनपुट अर्ध्या व्होल्टचं असेल आणि बॅटरी नसेल, तर सिलिकॉनचा डायोड काहीच कापत नाही. तिथे ०.३ च्या आसपास चालू होणारा जर्मेनियमचा किंवा शॉटकी डायोड लागतो. गिटारवादकांच्या डिस्टॉर्शन पेडलमध्येही सुराची लाट अशीच दोन डायोड कापतात. सिलिकॉनच्या जागी जर्मेनियम बसवला की आवाजाचा पोत बदलतो, तो या फुगीर कडांमुळे.

वेगाची गोष्ट एका वाक्यात सांगतो: ५० हर्ट्झला 1N4007 छान चालतो, पण १०० किलोहर्ट्झला तो बंद व्हायलाच काही मायक्रोसेकंद घेतो आणि लाट खाली उतरायला लागली तरी आउटपुट माथ्याला चिकटून राहतं. असं दिसलं तर काचेचा छोटा 1N4148 लावून बघावा.

क्लिपरमध्ये एक मोठी सोय होती. प्रत्येक क्षण स्वतंत्र होता. या घडीला इनपुट किती हे कळलं की या घडीचं आउटपुट कळत होतं, मघाशी काय झालं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. क्लॅम्परमध्ये कपॅसिटर येतो आणि ही सोय जाते. कपॅसिटर मघाशी किती भरला होता ते लक्षात ठेवतो. मुलांचा गोंधळ होतो तो इथे, कारण ती लाट डावीकडून उजवीकडे, काळाच्या क्रमाने वाचायला जातात. क्लॅम्परमध्ये सुरुवात करायची ती डायोड ज्या अर्ध्या आवर्तनात चालू असतो तिथून, मग तो अर्धा भाग चित्रात आधी येवो की नंतर.

उदाहरण घेऊ. या वेळी इनपुट चौकोनी लाट, +६ आणि −६ च्या दरम्यान, १ किलोहर्ट्झची. म्हणजे अर्धा मिलिसेकंद वर, अर्धा मिलिसेकंद खाली. इनपुट आणि आउटपुट यांच्यामध्ये १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये डायोड, कॅथोड वर आणि अ‍ॅनोड ग्राउंडला. डायोडला समांतर १०० किलोओहमचा रेझिस्टर.

डायोड कधी चालू होईल? अ‍ॅनोड शून्यावर आहे. कॅथोड, म्हणजे आउटपुट, −०.७ च्या खाली जाऊ लागलं की. असं इनपुट −६ असतानाच घडू शकतं. म्हणून तिथून सुरुवात. डायोड चालू, आउटपुट −०.७ वर खिळलं. कपॅसिटरच्या डाव्या टोकाला −६, उजव्या टोकाला −०.७. दोन्हींमधला फरक ५.३ व्होल्ट, उजवी बाजू अधिक. तेवढा तो भरला. भरायला वेळ किती? जनरेटरच्या आत साधारण ५० ओहम असतात. ५० ओहम आणि १ मायक्रोफॅरड यांचा गुणाकार ५० मायक्रोसेकंद. अर्धं आवर्तन ५०० मायक्रोसेकंदांचं आहे, म्हणजे दहापट. कपॅसिटर एकाच फेरीत भरून जातो.

आता इनपुट +६ वर उडी मारतं. डायोड बंद. कपॅसिटरमधले ५.३ व्होल्ट तसेच आहेत, कारण त्यांना रिकामं व्हायला १०० किलोओहममधूनच जावं लागतं. डावं टोक +६ ला, उजवं त्याच्याहून ५.३ ने वर. आउटपुट ११.३. पुन्हा −६ आलं की ५.३ वजा ६, म्हणजे परत −०.७. यानंतर कपॅसिटर भरलेलाच असतो आणि प्रत्येक फेरीत डायोड फक्त गळालेला थोडा विद्युतभार भरून काढतो.

उत्तर तयार झालं: −०.७ आणि +११.३ च्या दरम्यान झुलणारी चौकोनी लाट. ताळा करायचा असेल तर दोन टोकांमधलं अंतर मोजा. इनपुटमध्ये ते १२ होतं, आउटपुटमध्येही १२ च आहे. क्लॅम्पर लाटेचा आकार बदलत नाही, फक्त तिला सबंध उचलून नव्या पातळीवर ठेवतो. आपल्या उत्तरात हे अंतर बदललेलं दिसलं तर वजाबाकीत कुठेतरी चिन्ह चुकलं आहे असं समजावं. दहातल्या नऊ चुका या ताळ्याने पकडल्या जातात.

रेझिस्टरचं काम काय, हा व्हायव्हातला आवडता प्रश्न. दोन आकडे बघू. ११.३ व्होल्टला १०० किलोओहममधून ०.११३ मिलिअँपिअर गळतात. अर्ध्या मिलिसेकंदात त्यामुळे कपॅसिटरचे ०.०६ व्होल्टही कमी होत नाहीत. वरचा माथा ११.३ वरून ११.२४ वर येतो, डोळ्याला सपाटच दिसतो. आता कपॅसिटर शंभरपट लहान, ०.०१ मायक्रोफॅरडचा लावा. माथा ११.३ पासून सुरू होऊन अर्ध्या मिलिसेकंदात ७ च्या खाली घसरतो आणि चौकोनाची उतरण होते. पडद्यावर असा तिरका माथा दिसला की रेझिस्टर आणि कपॅसिटर यांचा गुणाकार लाटेच्या कालावधीच्या मानाने कमी पडतो आहे, हे ओळखावं.

मग रेझिस्टर काढूनच टाकला तर? लाट एकसारखी असेपर्यंत चालेल. पण इनपुट अचानक ±६ वरून ±३ वर आलं, तर कपॅसिटरमध्ये अजून जुने ५.३ व्होल्ट आहेत. आउटपुट २.३ ते ८.३ झुलायला लागतं, डायोड चालू होतच नाही, आणि लाट अधांतरी लटकते. १०० किलोओहम असले तर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत जादा भार गळून जातो आणि लाट पुन्हा −०.७ वर टेकते. म्हणजे हा रेझिस्टर म्हणजे कपॅसिटरला विसरायला लावायची सोय. तो फार लहान असला तर कपॅसिटर लगेच विसरतो, फार मोठा असला तर विसरतच नाही.

प्रॅक्टिकलला सगळ्यांत जास्त वेळ मात्र यातल्या कशातच जात नाही. सर्किट बरोबर असतं, जोडण्या बरोबर असतात, आणि पडद्यावर इनपुट आणि आउटपुट हुबेहूब सारखे दिसतात. डायोड बदलला जातो, कपॅसिटर बदलला जातो, ब्रेडबोर्डही बदलला जातो. चूक सीआरओच्या एका बटणात असते. ते एसीवर असलं की सीआरओ स्वतःच्या आत एक कपॅसिटर मध्ये घालतो आणि लाटेची सरासरी पातळी काढून टाकतो. क्लॅम्परने जे काम केलं नेमकं तेच तो पुसून टाकतो. बटण डीसीवर आणलं की लाट सर्रकन वर सरकते. क्लिपर तपासतानाही बटण डीसीवरच हवं, नाहीतर ३.७ ची पातळी भलत्याच ठिकाणी दिसते.

मधल्या कपॅसिटरने सरासरी पातळी हरवते, ही अडचण जुन्या टीव्हीच्या घडणीत चांगलीच बोचली होती. आपल्याकडे दूरदर्शनच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत एक रेष ६४ मायक्रोसेकंदांची. तिच्या सुरुवातीला ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक पल्स सगळ्यांत खाली, त्याच्या ०.३ व्होल्ट वर काळा रंग, आणि १ व्होल्टला पांढरा. हा सिग्नल नुसत्या कपॅसिटरमधून पाठवला की त्याची सरासरी शून्यावर येऊन बसते. पडदा पूर्ण काळा असेल तर सरासरी ०.२८ च्या आसपास होती, म्हणून काळ्याची पातळी जेमतेम +०.०२ वर येते. पडदा पूर्ण पांढरा असेल तर सरासरी ०.८५ च्या आसपास, म्हणून काळा −०.५५ वर जातो. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं सगळं अंतर ०.७ व्होल्टचं, आणि काळा रंग स्वतःच अर्ध्या व्होल्टहून जास्त इकडेतिकडे भटकतो. परिणामी रात्रीचा प्रसंग काळा न दिसता राखाडी दिसणार.

उत्तर क्लॅम्परचं. सिंक पल्सचं टोक नेहमी सगळ्यांत खाली असतं, चित्रात काहीही असो. ते टोक डायोडने एका पातळीला टेकवलं की काळ्याची जागा पक्की होते, आणि दर ६४ मायक्रोसेकंदांनी ती नव्याने तपासली जाते. एक व्होल्टच्या सिग्नलला ०.७ चा डायोड झेपणारा नाही, म्हणून आधी सिग्नल मोठा करून मग हे करावं लागतं. त्याच सर्किटच्या पुढे सिंक पल्स चित्रापासून वेगळा काढायचा असतो, म्हणजे ठरावीक पातळीच्या वरचं सगळं कापायचं. ते काम क्लिपरचं. आधी पातळीला टेकवल्याशिवाय हे कापणं जमत नाही, कारण भटकणाऱ्या लाटेला सुरी कुठे लावायची हेच कळणार नाही.

घरातली डास मारायची रॅकेट उघडली तर आत डायोड आणि कपॅसिटरांची रांग दिसते. तिच्या मुळाशी हीच युक्ती आहे. आपल्या उदाहरणात ±६ च्या लाटेतून ११.३ पर्यंतचा व्होल्टेज मिळाला होता. त्यापुढे आणखी एक डायोड आणि एक कपॅसिटर जोडून तो साठवला की जवळपास दुप्पट झालेला स्थिर व्होल्टेज हाती येतो. अशा जोड्या एकापुढे एक लावत गेलं की शेकडो व्होल्टांपर्यंत पोचता येतं. कुतूहल असलं तरी रॅकेट उघडण्याआधी बॅटरी काढा आणि जाळीची दोन टोकं इन्सुलेटेड मूठ असलेल्या स्क्रूड्रायव्हरने जुळवून भार संपवा. बटण सोडल्यावरही तो आत टिकून असतो.

पद्धत हाती आली का हे पाहायला एक गणित सोडवून बघा. वरच्याच क्लॅम्परमध्ये डायोडचा अ‍ॅनोड ग्राउंडला न जोडता २ व्होल्टच्या बॅटरीच्या अधिक टोकाला जोडा, बॅटरीचं उणे टोक ग्राउंडला. इनपुट तेच, ±६. डायोड कुठल्या अर्ध्या भागात चालू होतो तिथून सुरुवात करा, कपॅसिटर किती भरला ते काढा, शेवटी १२ चा ताळा घ्या. लाट १.३ पासून १३.३ पर्यंत आली तर उत्तर बरोबर आहे.